एएस नंबरचा देश काढला तर सेशेल्स आला, आता लेखी काय द्यायचं?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो, सगळं म्हणजे पासबुक प्रिंटरपासनं फायरवॉलपर्यंत जे जे वायरीला लागलंय ते सगळं. गेले काही दिवस रात्री आमच्या व्हीपीएनच्या लॉगिन पानावर कुणीतरी पासवर्ड मारत बसतंय, आत कुणी आलेलं नाही पण लॉग भरून वाहतोय. सगळे आयपी एकाच /24 मधले, म्हणजे सलग २५६ पत्त्यांच्या एकाच पट्ट्यातले. फायरवॉल देश दाखवतो नेदरलँड्स. मी जरा खोलात जाऊन एएस नंबर, म्हणजे त्या पट्ट्याचा रस्ता इंटरनेटवर जाहीर करणाऱ्या नेटवर्कचा नंबर, काढला तर तो सेशेल्समधल्या कंपनीच्या नावावर निघाला. चेअरमन साहेब म्हणाले बास, सायबर सेलला लिहून द्या सेशेल्समधनं हल्ला होतोय म्हणून. माझं मन होईना. एक यंत्र नेदरलँड्स म्हणतंय, एक कागद सेशेल्स म्हणतोय, मग एएस नंबरचा देश म्हणजे नक्की कुणाचा देश? खरा आयपी आणि नंबर इथं टाकत नाही, एएस ६४५०० समजा, तो तसाही नमुन्यासाठीच राखून ठेवलेला आकडा आहे.

पेठनाक्याचा_पप्पू

सोप्पंय की राव. एएस नंबर म्हणजे गाडीची पासिंग. एमएच १० दिसलं की सांगली, ११ दिसलं की सातारा. रजिस्ट्री नंबर देताना देश लिहून घेते, तो सरकारी कागद झाला, फायरवॉलमधला देश हा कुठल्यातरी खाजगी कंपनीचा अंदाज. मग कागदावर विश्वास ठेवायचा का अंदाजावर? सेशेल्स लिहा आणि मोकळे व्हा.

हळदीचा_भाव

सर मला पण मदत पाहिजे. आमच्या आत्याला बँकेतनं बोलतोय म्हणून कॉल आला आणि ओटीपी घेऊन पैसे गेले. मोबाईल नंबर आहे माझ्याकडं, त्याचा एएस नंबर काढून कुठल्या देशातनं कॉल आला ते कळेल का?

वाईची_राउटरवाली

हळदीचा भाव, दादा तुमचं काम वेगळं आहे, मोबाईल नंबरला एएस नंबर नसतो. तुम्ही इथं वेळ घालवू नका, आधी १९३० ला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग.

आता मूळ प्रश्न. पप्पूची पासिंग अर्धी बरोबर आहे. पासिंगवरनं गाडी कुठं नोंदली ते कळतं, ती आत्ता बेंगळुरूच्या ट्रॅफिकमधे उभी आहे का कोल्हापूरला हे कळत नाही. आणि तो "सरकारी कागद" पण नाही, असे नंबर वाटणारी राइप एनसीसी ही ॲमस्टरडॅमची संस्था आहे, सरकार नाही. एपनिक, एरिन, लॅकनिक, आफ्रिनिक या तशाच बाकीच्या चार.

बोलण्यापेक्षा एक करून बघा, कुणाच्याही मशीनवर चालेल:

```
whois -h whois.cymru.com " -v 1.1.1.1"
```

उत्तर असं येतं:

```
13335 | 1.1.1.1 | 1.1.1.0/24 | AU | apnic | 2011-08-11 | CLOUDFLARENET, US
```

आता एकाच ओळीत दोन देश दिसतायत बघा. मधला AU हा त्या आयपी पट्ट्याचा देश, तो पट्टा एपनिकच्या पुस्तकात ऑस्ट्रेलियाच्या नावावर आहे कारण एपनिकनं तो स्वतःच्या संशोधनासाठी ठेवलेला होता, आणि एपनिक ब्रिस्बेनला. शेवटी नावाला चिकटलेला US हा एएस १३३३५ चा देश, क्लाउडफ्लेअरनं तो २०१० मधे एरिनकडनं घेतला. आणि वाईतनं मी ब्राउझरमधे `https://1.1.1.1/cdn-cgi/trace` उघडलं तर colo=BOM येतं, म्हणजे माझं पाकीट मुंबईतल्या यंत्रानं उचललं. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि मुंबई, तिन्ही खरं आहे, कारण प्रश्न तीन वेगळे आहेत. पट्टा कुणाच्या नावावर, रस्ता कोण जाहीर करतंय, आणि यंत्र कुठंय. एएसचा देश फक्त दुसऱ्या प्रश्नातल्या त्या "कोण" चा नोंदणीचा पत्ता सांगतो. बरेच जण वरच्या ओळीतला मधला देश उचलतात आणि एएसचा देश म्हणून रिपोर्टात चिकटवतात, तिथनंच गोंधळ सुरू होतो.

ऑक_ऑक_पाखरू

ताईंनी सायम्रूचं दिलंय ते झटपट बघायला झकास, पण लेखी द्यायचं असेल तर मुळातली फाईल बघावी. प्रत्येक रजिस्ट्री रोज एक यादी काढते, कुठला नंबर कुठल्या देशाच्या नावावर, कुठल्या तारखेला. एपनिकची उतरवून घ्या:

```
curl -O https://ftp.apnic.net/stats/apnic/delegated-apnic-latest
awk -F'|' -v n=9829 '$3=="asn" && n>=$4 && n<$4+$5' delegated-apnic-latest
```

९८२९ बीएसएनएलचा, IN येतं. लोक नुसतं grep मारतात आणि फसतात, कारण पाचव्या रकान्यात किती नंबर दिले तो आकडा असतो. म्हणजे एखाद्याला सलग आठ नंबर दिले असतील तर यादीत पहिलाच लिहिलेला असतो, मधला शोधला तर "सापडत नाही", आणि 9829 असा grep केला की 139829 असलं पण काहीबाही हाताला लागतं.

सज्जनगड_७७

पाखरू, तुझा awk नंबर लहान असला की वरची बेरजेची ओळ पण छापतो, त्या ओळीत देशाच्या जागी * असतो. `$2!="*"` घाल.

ऑक_ऑक_पाखरू

हो ते घाला. आणि कुठली रजिस्ट्री माहीत नसेल तर आधी `whois -h whois.iana.org AS9829`, ते refer म्हणून पुढचा पत्ता देतं. कृष्णाकाठ, तुमचा नंबर राइपचा असणार, कारण सेशेल्स खरं तर आफ्रिनिकच्या हद्दीत येतं. आफ्रिनिकच्या पुस्तकात आला असता तर मी म्हटलं असतं असेल बाबा तिकडची कंपनी.

कृष्णाकाठ_सांगली

राइपच आहे. हे बघा, नावं काढून टाकलीत:

```
aut-num:        AS64500
as-name:        NAMUNA-NET
org:            ORG-XX1-RIPE
sponsoring-org: ORG-YY1-RIPE
status:         ASSIGNED

organisation:   ORG-XX1-RIPE
country:        SC
org-type:       OTHER
```

एएसच्या नोंदीत देश कुठंच नाही, तो खालच्या ऑर्गनायझेशनच्या नोंदीतनं आला. आणि आयपी पट्ट्याच्या नोंदीत country: NL आहे, फायरवॉलनं बहुतेक तिथनंच उचलला असावा. हे sponsoring-org काय भानगड आहे?

वाईची_राउटरवाली

आता मजा आली. एएस नंबर घ्यायला राइपचं थेट सभासद व्हावंच लागतं असं नाही. कुठल्यातरी सभासदाच्या मार्फत घेता येतो, तो सभासद म्हणजे तुमचा sponsoring-org. कागदपत्रं तो गोळा करतो, करार त्याच्याशी होतो. कंपनी कुठल्याही देशात नोंदलेली चालते, फक्त नेटवर्कचा काहीतरी चालू भाग राइपच्या हद्दीत पाहिजे, म्हणजे युरोप, मध्यपूर्व, मध्य आशियाचा काही भाग. ॲमस्टरडॅमच्या डेटा सेंटरमधे भाड्याचा एक सर्व्हर असला तरी हे बसतं. तेव्हा SC चा अर्थ एवढाच की नंबर ज्या कंपनीच्या नावावर आहे तिची कायद्यानं नोंदणी सेशेल्सला झालेली आहे. तिथं एक खुर्ची तरी आहे का हे त्यावरनं ठरत नाही. उलट आफ्रिनिकच्या हद्दीतली कंपनी आणि नंबर राइपचा, ह्या जोडीवरनं एवढं म्हणता येतं की यंत्रं बहुतेक युरोपच्या बाजूला कुठंतरी असणार. माझ्या मते तुमच्या हातात आलेला सगळ्यात कामाचा धागा हाच आहे, नुसत्या SC पेक्षा तरी नक्कीच.

आणि पट्ट्यावरच्या NL ला पण फार भाव देऊ नका. तो रकाना पट्टावाला स्वतः भरतो. राइपच्याच डॉक्युमेंटेशनमधे लिहिलंय की ह्या country चा अर्थ मुख्य ऑफिसचा देश, सर्व्हरचा देश की वापरणाऱ्याचा देश हे कधी ठरवलेलंच नाही, त्यामुळं त्यावरनं आयपीचा देश खात्रीनं काढता येत नाही.

पेठनाक्याचा_पप्पू

म्हणजे दोन्ही कागद बोगस? मग रजिस्ट्री ठेवलीच कशाला?

वाईची_राउटरवाली

बोगस कोण म्हणतंय. नंबर दोघांनी वापरू नये आणि काही झालं तर कुणाच्या दारात जायचं ते कळावं, ह्यासाठी रजिस्ट्री आहे. नकाशा काढायला नाही.

तासगाव_केबल_नेट

आमचा अनुभव सांगतो, जरा वेगळा आहे पण उपयोगी पडेल. आम्ही तालुक्यात इंटरनेट देतो, एएस नंबर आयआरआयएनएनकडनं घेतला, भारतात निक्सीच्या खाली तेच बघतात आणि वर एपनिक. कंपनीची कागदं दिली, IN लागला. तो नंबर बघून कुणाला तासगाव कळणार नाही आणि सांगली पण कळणार नाही, देशाच्या खाली काही नसतंच. पुढं गिऱ्हाईक वाढली तसा आयपी पट्टा कमी पडला, मग १०३ ने सुरू होणारा एक वापरलेला /24 विकत घेतला, ट्रान्सफर रीतसर झाली, रजिस्ट्रीत दोन्हीकडं IN. तरी मॅचच्या दिवशी अर्ध्या गिऱ्हाइकांचे फोन, ॲप म्हणतंय तुमच्या देशात हे दिसणार नाही! आधीचा मालक हाँगकाँगचा होता आणि त्या लोकेशनवाल्या कंपन्यांच्या डेटात तो पट्टा अजून तिकडंच. एकेकाला मेल करून दुरुस्ती करून घेतली, कुठला पट्टा कुठं वापरतो ते सांगणारी जिओफीडची फाईल पण टाकली, हळूहळू सुटलं. तर सांगायचं असं की आमच्या बाबतीत रजिस्ट्रीचा देश बरोबर आणि बाकी जग चुकीचं होतं. ताई म्हणतात ते खरं असलं तरी लहान ऑपरेटरचा एएसचा देश बऱ्यापैकी खरा असतो, कारण आमचं नेटवर्क चार तालुक्याबाहेर जातंच कुठं.

वाईची_राउटरवाली

दादा हे अगदी मान्य. लोकांच्या घरात लाइन देणारा ऑपरेटर असेल तर देश सहसा जुळतोच. फाटतं ते होस्टिंगवाले, क्लाउडवाले आणि देशोदेशी केबल टाकणारे असले की. त्यामुळं देश बघायच्या आधी हा एएस कुठल्या धंद्यातला आहे ते बघावं.

सज्जनगड_७७

देशोदेशीवरनं आठवलं. साताऱ्यातनं ट्रेसराउट केला की मधे एएस ६४५३ लागतो, नाव टाटा कम्युनिकेशन्स अमेरिका, नोंद एरिनकडं. आपला डेटा अमेरिकेला जाऊन येतो का मग? मालक तर मुंबईचे.

वाईची_राउटरवाली

तो मुळात टेलिग्लोब ह्या कॅनडाच्या कंपनीचा नंबर. विदेश संचार निगमनं, म्हणजे तोवर टाटांच्या झालेल्या व्हीएसएनएलनं, टेलिग्लोब विकत घेण्याचा सौदा २००५ मधे केला, त्याच्याबरोबर हा आला. मालक भारतीय, नोंद अमेरिकी कंपनीची, राउटर जगभर, मुंबईत पण. तुमच्या ट्रेसमधे त्या टप्प्याचा वेळ बघा. सात आठ मिलिसेकंद असेल तर अमेरिकेचा विषयच नाही, तेवढ्यात प्रकाश पण जाऊन येत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

हे वेळेचं माझ्या केसला लावता येईल का? इथनं त्या आयपीला पिंग १४० च्या आसपास येतो.

वाईची_राउटरवाली

लावता येतं पण एकाच दिशेनं. फायबरमधे प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, जाऊन यायचं म्हणजे एका मिलिसेकंदाला फार तर १०० किलोमीटरचं अंतर. १४० वरनं एवढंच कळतं की यंत्र १४,००० किलोमीटरच्या आत आहे, त्यात नेदरलँड्स पण बसतं, सेशेल्स पण बसतं आणि अर्धं जग बसतं. मोठा पिंग काहीच सिद्ध करत नाही, वाट वाकडी असेल, कुठंतरी गर्दी असेल. छोटा पिंग मात्र खोटं बोलू शकत नाही. तेव्हा मोजायचं त्याच्या शेजारी जाऊन.

राइप ॲटलास म्हणून आहे, जगभर लोकांनी घरी ऑफिसात छोटे प्रोब लावलेत, तिथनं पिंग मारून घेता येतो. क्रेडिट लागतात, माझ्याकडं प्रोब आहे त्यामुळं साठलेत. आयपी मला निरोपातनं पाठवा.

ऑक_ऑक_पाखरू

तोवर माझं एक. देश बघून ब्लॉक करायचा मोह होणार तुम्हाला, "फक्त IN एएस चालू ठेवा, बाकी बंद". करू नका. इथल्याच एका ऑफिसात केलं होतं, सकाळी त्यांचं ऑनलाइन सॉफ्टवेअर बंद, कारण ते ॲमेझॉनच्या मुंबईच्या डेटा सेंटरमधे आणि ॲमेझॉनचा एएस १६५०९ नोंदलेला अमेरिकेत. व्हेंडर म्हणतोय सर्व्हर चालू आहे, हे म्हणतायत दिसत नाही, दोघंही खरं बोलत होते.

पेठनाक्याचा_पप्पू

पण व्हीपीएनच्या पानावर तर फक्त आपलीच माणसं येणार ना, जिओ एअरटेल बीएसएनएल नायतर तासगाववाले दादांसारखे. तिथं IN ठेवलं तर काय बिघडतं? घरगुती ऑपरेटरचा देश जुळतो असं ताईच म्हणाल्या.

ऑक_ऑक_पाखरू

आत येणाऱ्यासाठी, तेवढ्या एका पानावर, हे चालेल. गोंगाट कमी होईल. पण भारतातला भाड्याचा सर्व्हर घेऊन तेच लोक परत आले तर IN ची पाटी लावून आत येतील.

पेठनाक्याचा_पप्पू

गोंगाट कमी झाला तरी पुरे की.

वाईची_राउटरवाली

कृष्णाकाठ, मोजून झालं. ॲमस्टरडॅममधल्या प्रोबवरनं १ मिलिसेकंदाच्या जरा आत, फ्रँकफर्टवरनं ७, लंडनवरनं ७, मुंबईवरनं १२० च्या वर. १ च्या आत म्हणजे त्या प्रोबपासनं १०० किलोमीटरच्या आत. सेशेल्स तिथनं साडेसात हजार किलोमीटरच्या पुढं आहे, म्हणजे कमीत कमी ७५ लागलेच असते, तेव्हा हे यंत्र सेशेल्समधे नाही हे पक्कं. आणि मुद्दाम दूरदूरच्या प्रोबवरनं पण बघितलं, कारण 1.1.1.1 सारखा एकच आयपी बऱ्याच ठिकाणी ठेवला असता तर सगळीकडनंच जवळ दिसला असता. इथं फक्त एकीकडनंच जवळ आहे.

म्हणजे फायरवॉलचा NL बरोबर निघाला, पण तो पट्टेवाल्यानं खरं भरलं म्हणून.

पेठनाक्याचा_पप्पू

म्हणजे हॅकर डच!

वाईची_राउटरवाली

नाही रे भाऊ. यंत्र डच जमिनीवर आहे. भाड्यानं कुणी घेतलंय, का कुणा गरिबाचा सर्व्हर फोडून त्यावरनं चाललंय, ते पिंगला कळत नाही आणि एएस नंबरला पण कळत नाही. /24 मधले बरेच आयपी एकदम लागलेत त्यावरनं मला वाटतं भाड्याचं असावं, पण ते माझं वाटणं.

तासगाव_केबल_नेट

ताई एक शंका. रस्ता जाहीर करणारा एएस खोटा असू शकतो ना? कुणीतरी भलत्याच पट्ट्याची जाहिरात करतं आणि शेवटी दुसऱ्याचा नंबर लावतं. मग सेशेल्सवाली कंपनी बिचारी निर्दोष.

वाईची_राउटरवाली

असू शकतं. म्हणून आरपीकेआय बघितलं, म्हणजे पट्टेवाल्यांच्या डिजिटल सहीच्या नोंदी. त्या पट्ट्याला आरओए, म्हणजे सही केलेलं परवानगीपत्र आहे आणि त्यात हाच एएस लिहिलाय, म्हणजे पट्टेवाल्यानं ह्या नंबरला परवानगी दिलेली आहे. जाहिरात बरेच महिने एकाच नंबरवरनं चालू आहे हे पण दिसतंय. ह्यानं शंका बरीच कमी होते. तरी शेवटचा एएस खोटा चिकटवला तर आरओए एकटा ते पकडत नाही, त्यामुळं शंभर टक्के मी म्हणणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे आभार. मग अर्जात असं लिहितोय, बघा: "सदर आयपी पट्टा एएस ६४५०० मधून जाहीर होतो. हा एएस नंबर राइप एनसीसीच्या नोंदीनुसार सेशेल्स येथे नोंदणीकृत कंपनीच्या नावे आहे. मोजमापानुसार यंत्र ॲमस्टरडॅम परिसरात असल्याचे दिसते. हल्लेखोराचा देश यावरून निश्चित होत नाही." चेअरमन साहेबांना शेवटचं वाक्य रुचणार नाही, पण राहू दे.

सज्जनगड_७७

चांगलंय. sponsoring-org चं नाव पण घाला, तो कुठल्या देशातला आहे बघा, सेशेल्सच्या पत्त्यावर पत्र पाठवून उत्तर यायची आशा कमी, पण कागदपत्रं त्या सभासदाकडं असतात. आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इनला पण कळवा, २०२२ च्या निर्देशात सहा तासांची मुदत आहे.

ऑक_ऑक_पाखरू

नुसत्या फसलेल्या लॉगिनला ती सहा तासांची मुदत लागू होते का ह्यावर माझं मत वेगळं आहे, पण कळवायला काही पैसे पडत नाहीत.

वाईची_राउटरवाली

राइपच्या नोंदीत abuse-mailbox असतो, त्यावर पण मेल टाका. नंबर ट्रान्सफर होतात, कंपनी पत्ता बदलते, उद्या त्याच ओळीत दुसरा देश दिसेल, म्हणून व्हूइज कुठल्या तारखेला काढला ते अर्जात लिहा आणि त्या दिवशीची यादीची फाईल जपून ठेवा. लॉगमधल्या वेळेपुढं आयएसटी लिहा आणि समोरचा सोर्स पोर्ट पण द्या, पोर्ट नसला तर तिकडचे लोक पहिल्या मेललाच परत पाठवतात.

कृष्णाकाठ_सांगली

पोर्ट आमच्या फायरवॉलच्या लॉगमधे येतच नाही, सेटिंग कुठं असतं बघतो. तासगाववाले दादा, तुमच्याकडं कुठला फायरवॉल आहे?